एक्सपोर्टमधले आयटम कोड दर महिन्याला बदलून येतायत? व्हेंडरला नेमकं काय लिहायचं

आमची इलेक्ट्रिकल सामानाची दुकानं आहेत आणि मी तिथं स्टॉकचं आणि विक्रीचं अ‍ॅनालिसिस बघते. एका मोठ्या व्हेंडरकडून दर महिन्याला त्यांच्या गोडाऊनमधल्या शिल्लक मालाची सीएसव्ही फाइल येते, त्यात आयटम कोड, नाव, एमआरपी आणि शिल्लक नग एवढंच असतं. मी ती मागच्या महिन्याच्या फाइलला कोडवरून जोडते आणि कुठला माल हलला, कुठला पडून राहिला ते काढते. जुलैची फाइल आली, जोडली, आणि जवळपास पाव आयटम जुळेचनात. असं आधी दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळेस मी हातानं दुरुस्ती करून वेळ मारून नेली होती, या वेळेस मात्र मुळापर्यंत गेले. ज्यांना हाच त्रास आहे त्यांच्यासाठी तपासणी आणि मेसेज दोन्ही इथं टाकतेय.

सगळ्यात आधी एक काम करा, चूक आपल्याच मशीनवर तर झाली नाही ना हे बघा. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल न विचारता कोडचे आकडे करून टाकतं, 0451 चा 451 होतो, आणि मग आपण व्हेंडरला फोन करून ओरडतो की तुमची फाइल चुकलीये. म्हणून मेलमधली मूळ अ‍ॅटॅचमेंट परत डाउनलोड करायची आणि एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडायची. नोटपॅड काही बदलत नाही, फाइलमध्ये जे आहे तेच दाखवतो. मला तिथंच 451 दिसलं, आणि थोडं खाली 1.20E+05 असं दिसलं, म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच बिघडलेलं होतं. जूनची फाइल तशीच उघडली तर त्यात 0451 आणि 12E04 व्यवस्थित होते.

हे 1.20E+05 काय आहे ते सांगते, कारण पुष्कळ जणांना तो व्हेंडरचा नवा कोडच वाटतो. 12E04 हा कोड एक्सेलला दिसला की त्याला वाटतं ही 12 गुणिले 10 चा चौथा घात अशी संख्या आहे, म्हणजे 120000, आणि तो ती 1.20E+05 अशी दाखवतो. फाइल परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. आता यातून मूळ कोड काढता येतो का? नाही येत. आमच्या या व्हेंडरकडे 12E सिरीज आहे आणि 120E पण आहे, तर 12E04 आणि 120E03 दोन्हीचं 1.20E+05 च होतं. एकदा असं झालं की त्या फाइलमध्ये ती माहिती उरतच नाही, तुम्ही कितीही हुशार फॉर्म्युला लिहा.

पुढं किती आयटम जुळत नाहीत ते मोजायचं होतं, आणि इथं मी आधीच्या महिन्यांत फसले होते. आमच्याकडे सगळे COUNTIF लावून बघतात की जुलैचा कोड जूनच्या यादीत आहे का. पण COUNTIF ला 0451 हा टेक्स्ट आणि 451 हा आकडा एकच वाटतात, तो आकड्यासारख्या दिसणाऱ्या टेक्स्टला आकडाच समजतो. त्यामुळे तो म्हणतो आयटम आहे, आणि त्याच ओळीवर VLOOKUP लावला की #N/A येतो कारण VLOOKUP टेक्स्ट आणि आकडा वेगळे धरतो. हे दोन फॉर्म्युले एकमेकांशी भांडायला लागले की समजायचं कोडचा प्रकार बदललाय. अक्षरशः तंतोतंत तुलना हवी असेल तर दोन्ही फाइल टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करून EXACT वापरायचं, म्हणजे A कॉलममध्ये जूनचे कोड आणि D मध्ये जुलैचे असतील तर हे:

```
=SUMPRODUCT(--EXACT($A$2:$A$1847,D2))
```

शून्य आलं म्हणजे तो कोड जसाच्या तसा जूनमध्ये नाही. मी स्वतः पायथनमध्ये केलं, त्यात सगळे कॉलम टेक्स्ट म्हणूनच वाचायला सांगायचं हे महत्त्वाचं, नाहीतर कॉलममध्ये सगळे कोड आकडीच असतील तर तोही शून्य उडवतो, आणि त्यात एखादी जागा रिकामी असेल तर 451 चं 451.0 करून ठेवतो. जूनच्या फाइलमध्ये वर दोन जादा ओळी आणि खाली टोटलची एक ओळ होती, त्या वाचताना सोडल्यात:

```
import pandas as pd
a = pd.read_csv("june.csv", dtype=str, keep_default_na=False, skiprows=2, skipfooter=1, engine="python")
b = pd.read_csv("july.csv", dtype=str, keep_default_na=False)
m = a.merge(b, on="item_code", how="outer", indicator=True)
print(m["_merge"].value_counts())
print(a["item_code"].str.len().value_counts())
print(b["item_code"].str.len().value_counts())
```

जूनमध्ये 1,846 ओळी, जुलैमध्ये 1,852. जुळल्या 1,415. जूनमधल्या 431 कोडना जोडीदार नाही आणि जुलैमधल्या 437 ना नाही. शेवटच्या दोन ओळी कोडची लांबी मोजतात आणि खरं चित्र तिथंच दिसतं. जूनमध्ये 3 अक्षरी कोड एकही नव्हता, जुलैमध्ये ढीगभर होते. जूनमध्ये 8 अक्षरी कोड नव्हते, जुलैमध्ये दिसले, त्यातले 21 कोड 1.20E+05 सारखे निघाले कारण ते मोजलं तर बरोबर 8 अक्षरं भरतात. कुठलाही फॉर्म्युला लावायच्या आधी हे लांबीचं मोजमाप करून बघा, दोन मिनिटांत कळतं.

जे जुळले त्यांच्याकडेही एकदा बघायचं बरं का. शून्य उडाल्यावर 01205 चा 1205 होतो आणि जूनमध्ये खराखुरा 1205 असेल तर दोन वेगळे आयटम गुपचूप एकमेकांना जोडले जातात आणि कुठेच एरर येत नाही. म्हणून जुळलेल्या ओळींमध्ये दोन्हीकडची नावं समोरासमोर ठेवून बघितली. माझ्याकडे असं एकही निघालं नाही, पण ही तपासणी मी सोडणार नाही.

मग त्या 437 चं वर्गीकरण केलं. 372 मध्ये फक्त पुढचं शून्य गेलं होतं. 21 मध्ये तो ई चा घोळ. 6 खरंच नवीन आयटम होते, बाजारात नुकतेच आलेले. आणि 38 असे की नाव तेच, एमआरपी तीच, पण कोड पूर्ण वेगळा, SW0612 च्या जागी MSW-0612 असं काहीतरी. हे एक्सेलनं केलेलं नाही, एक्सेल स्वतःहून कोणाला अक्षर चिकटवत नाही. म्हणजे व्हेंडरनंच त्यांच्या मास्टरमध्ये कोड बदलले होते. एकाच फाइलमध्ये दोन वेगळी कारणं होती, आणि दोन्हींसाठी व्हेंडरकडे वेगवेगळी गोष्ट मागावी लागते. बिघडलेल्या कोडसाठी नीट फाइल मागायची, आणि बदललेल्या कोडसाठी जुना-नवा तक्ता. हे आधी वेगळं केलं नाही तर समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही.

आता कोणी म्हणेल 372 ला पुढं शून्य लावायला काय अडचण, मी पण आधी तेच करायचे. अडचण ही की या व्हेंडरचे जुने कोड 4 आकडी आहेत आणि नंतरचे 5 आकडी. 0451 ही 6 मॉड्यूलची प्लेट आहे आणि 00451 ही 1.5 चौरस मिमी वायरची 90 मीटरची कॉइल. जुलैच्या फाइलमध्ये दोन्ही 451 झाले होते. कुठल्या 451 ला एक शून्य लावायचं आणि कुठल्याला दोन हे कोडवरून कळत नाही, नावावरून बघावं लागतं, आणि अशा 14 जोड्या निघाल्या. आमच्याच टीममधल्या एकानं मे महिन्यात डुप्लिकेट दिसतायत म्हणून Remove Duplicates फक्त कोडच्या कॉलमवर चालवलं होतं आणि वायरच्या ओळी उडून गेल्या होत्या, ऑर्डर लावताना लक्षात आलं की वायर शून्य कशी काय दाखवतेय.

तर मी व्हेंडरच्या ऑफिसला मेसेज केला, आणि पहिला मेसेज मी चुकीचा केला. घाईत एवढंच लिहिलं की मॅडम, जुलैच्या फाइलमधले आयटम कोड चुकलेत, पुढचं शून्य जातंय, प्लीज दुरुस्त करून पाठवा. त्यांनी अर्ध्या तासात दुरुस्त फाइल पाठवली, मनापासून केलं होतं त्यांनी. पण केलं काय, तर त्याच बिघडलेल्या फाइलमध्ये कॉलमला 00000 असा फॉरमॅट लावला. त्यामुळे सगळे आकडी कोड 5 आकडी होऊन आले. प्लेट पण 00451 आणि वायर पण 00451. जे 4 आकडी कोड आधी नीट होते ते पण बिघडले, आणि 1.20E+05 वाले आता 120000 असे झाले, म्हणजे ओळखायची खूणही गेली. दिसायला फाइल एकदम स्वच्छ, कोणी वरवर बघितली असती तर पास केली असती. लांबी मोजली तर सगळे आकडी कोड 5 किंवा त्याहून मोठे, आणि जूनमध्ये तर 4 वाले होते, तिथं पकडलं.

चूक त्यांची नव्हती. मी काय हवं ते सांगितलंच नव्हतं, फक्त काय चुकलं ते सांगितलं होतं. मग नीट बसून दुसरा मेसेज लिहिला, तो असा:

नमस्कार मॅडम,

तुम्ही लगेच फाइल पाठवलीत त्याबद्दल आभारी आहे. ती तपासली, पण काही कोड अजून जुळत नाहीत, म्हणून या वेळेस सगळं सविस्तर लिहितेय म्हणजे तुम्हाला परत परत काम पडायला नको.

फाइल: 31 जुलैच्या शिल्लक मालाची, 1,852 ओळी. तुलना 30 जूनच्या फाइलशी केलीये.

पहिली गोष्ट. 372 आयटमच्या कोडमधलं पुढचं शून्य गेलंय आणि 21 आयटमचा कोड आकड्यात बदललाय. तीन उदाहरणं देते. 6 मॉड्यूल प्लेट, जूनमध्ये 0451, आत्ताच्या फाइलमध्ये 00451. वायर 1.5 ची 90 मीटर कॉइल, जूनमध्ये 00451, आत्ताही 00451, म्हणजे प्लेट आणि वायरचा कोड एकच झाला. तिसरं, जूनमध्ये 12E04, जुलैच्या पहिल्या फाइलमध्ये 1.20E+05, आत्ता 120000. बहुतेक फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह झाल्यामुळे हे होतंय. आधीच्या दोन्ही फाइलवरून हे दुरुस्त होणार नाही, त्यामुळे कृपया त्यात बदल करू नका, सिस्टिममधून नवीन एक्सपोर्ट काढावा लागेल.

एक्सपोर्ट काढताना तारीख 31 जुलैच ठेवा, आजची नको. आणि एक्सपोर्ट झाला की एक्सेलमध्ये न उघडता तशीच्या तशी मला मेल करा. वरच्या कंपनीच्या नावाच्या ओळी किंवा खालची टोटलची ओळ काढायची गरज नाही, ते मी इकडे काढते. नाव stock_july_v2.csv असं दिलंत तर आधीच्या फाइलबरोबर गोंधळ होणार नाही.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. 38 आयटमचे कोड तुमच्या सिस्टिममध्येच बदललेले वाटतायत, जसं 6 अँपिअर वन वे स्विच SW0612 होता तो आता MSW-0612 दिसतोय. मी नाव आणि एमआरपीवरून जोड्या लावल्यात, यादी सोबत जोडलीये. प्रत्येक ओळीपुढं फक्त एवढं लिहा की बरोबर, चूक, किंवा जुना आयटम बंद. आणि कोड कुठल्या तारखेपासून बदलला तेही सांगा. जोडी चूक असेल तर बरोबर कोड लिहिलात तर फार मदत होईल.

फाइल गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळाली तर बरं होईल, शुक्रवारी आमची ऑर्डर लागते. 38 ची यादी सोमवारपर्यंत चालेल. काही अडलं तर फोन करा, मी स्क्रीन शेअर करून सोबत बसते.

यातल्या काही ओळी का लिहिल्या ते सांगते. तारीख 31 जुलैच ठेवा हे लिहिलं नसतं तर त्यांनी 6 ऑगस्टला एक्सपोर्ट काढला असता आणि त्यात 6 ऑगस्टचा स्टॉक आला असता, कोड बरोबर पण नग चूक, आणि ती चूक पकडायला कोड तपासून काही उपयोग नाही. टोटलची ओळ काढू नका हे मी अंदाजानं लिहिलं होतं, नंतर फोनवर कळलं की खरंच तेच कारण होतं. त्या माझ्यासाठी सोय म्हणून दर महिन्याला फाइल उघडून वरच्या दोन आणि खालची एक ओळ काढायच्या आणि सेव्ह करायच्या. त्यांना वाटायचं फाइल नीट करून पाठवतोय. ज्या महिन्यांत त्या सुट्टीवर होत्या आणि दुसऱ्या कोणी तशीच फाइल पाठवली त्या महिन्यांत काही अडचण आली नव्हती, जूनची फाइल तशीच एक होती. हा प्रॉब्लेम कधी यायचा आणि कधी नाही यायचा, त्याचं कोडं तिथं सुटलं.

आणि दोन मागण्यांना दोन वेगळ्या तारखा दिल्या कारण एक्सपोर्ट हे ऑफिसमधलं पाच मिनिटांचं काम आहे आणि 38 ची यादी गोडाऊनवाल्याला विचारूनच भरता येते. दोन्हीला एकच तारीख दिली असती तर यादी भरून होईपर्यंत फाइल अडकून पडली असती.

नवीन फाइल बुधवारीच आली. आल्यावर लगेच वापरली नाही, आधी तपासली. टोटल आणि वरच्या ओळी सोडून ओळी 1,852, बरोबर. शिल्लक नगांची बेरीज पहिल्या जुलै फाइलशी मिळवली, तंतोतंत तीच, म्हणजे तारीख 31 जुलैचीच आहे आणि एकही ओळ कमी जास्त नाही. कोड बिघडले होते तरी नग बिघडले नव्हते, त्यामुळे जुनी फाइल एवढ्या कामाला आली. लांबी मोजली, 3 अक्षरी एकही नाही. मेसेजमधली तीन उदाहरणं नोटपॅडमध्ये शोधून बघितली, तिन्ही नीट. परत जोडलं तर न जुळणारे जुलैचे 44 राहिले, म्हणजे ते 38 आणि 6 नवीन, हिशोब बसला.

38 ची यादी शनिवारी आली. 35 जोड्या माझ्या बरोबर होत्या, 3 चूक. त्यातली एक सांगण्यासारखी आहे. 6 अँपिअर सॉकेट, नाव तेच, एमआरपी तीच, मी डोळे झाकून जोडली असती. पण जुन्या कोडचा बॉक्स 10 नगांचा होता, तो माल संपून बंद झाला, आणि नव्या कोडचा बॉक्स 20 चा आहे. त्या आयटमचा शिल्लक आकडा फाइलमध्ये नगांऐवजी बॉक्समध्ये असतो. जोडी धरून चालले असते तर जुन्या 40 बॉक्सच्या जागी नवे 20 दिसले असते आणि मी म्हटलं असतं अर्धा माल विकला गेला, प्रत्यक्षात नग तेवढेच. म्हणून कोड खरोखर बदललेला असेल तिथं नावावरून स्वतः जोडी पक्की करू नये, अंदाज आपण लावायचा पण शिक्का व्हेंडरचा हवा. आमच्याकडे आता जुना कोड, नवा कोड, कधीपासून आणि बॉक्समध्ये किती नग अशा चार कॉलमची एक शीट आहे, जोडायच्या आधी फाइल त्यातून जाते. जुन्या महिन्यांच्या फाइलमधले कोड मात्र आम्ही बदलत नाही, त्या जशा आल्या तशाच ठेवतो.

मॅडमना कधीकधी फाइल उघडून बघावीच लागते, त्यांच्या साहेबांना आकडे सांगायचे असतात. त्यासाठी फोनवर दोन गोष्टी करून घेतल्या. एक म्हणजे डबल क्लिक न करता रिकाम्या शीटमध्ये Data मधून From Text/CSV घ्यायचं आणि जी खिडकी उघडते तिच्यात Data Type Detection ला Do not detect data types निवडायचं, मग सगळं टेक्स्ट म्हणून येतं. दुसरं, त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट 365 चं नवीन एक्सेल होतं, त्यात File, Options, Data मध्ये Automatic Data Conversion म्हणून भाग आहे, तिथं पुढची शून्यं काढायचं आणि ई च्या आजूबाजूचे आकडे संख्येत बदलायचं असे दोन्ही टिक आहेत, ते काढून टाकले. जुन्या एक्सेलमध्ये हा भाग दिसत नाही, तिथं पहिलाच रस्ता. बिघडल्यावर कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट लावून काही होत नाही हेही त्यांना सांगितलं, कारण फॉरमॅट लावेपर्यंत शून्य आधीच गेलेलं असतं.

ऑगस्टची फाइल वरच्या दोन ओळी आणि खालच्या टोटलसकट आली. लांबी मोजली, ठीक होती. सोबत मॅडमनी स्वतःहून लिहिलं होतं की या महिन्यात 4 कोड बदललेत आणि त्यांचे जुने-नवे कोड खाली दिलेत.